निकोल हायवेच्या खड्ड्यातले उसने बळ

२० एप्रिल २००४ रोजी सिंगापूरमध्ये निकोल हायवेलगतचा भुयारी रेल्वेचा सुमारे ३० मीटर खोल खड्डा आत कोसळला. चार जण मेले. पोलादी टेकू आणि भिंत यांच्या जोडातली कमजोरी हे मोठे कारण होतेच. पण चौकशीत संगणकावरचे मातीचे गणितही चुकलेले निघाले.

अशा गणितात जमिनीचा छेद हजारो लहान तुकड्यांत विभागतात. मग एक थर खणा, एक टेकू बसवा, या क्रमाने भिंत किती वाकेल ते काढतात. प्रत्येक तुकडा कसा वागेल हे मात्र अभियंत्याने निवडलेले मातीचे प्रारूप ठरवते. इथे मोर-कुलोंब हे साधे, सर्वत्र वापरले जाणारे प्रारूप होते.

तिथली समुद्री चिकणमाती मऊ. तिच्यावर ताण आला की ती आकसू पाहते, पण पाणी लगेच बाहेर पडू शकत नाही. पाण्याचा दाब वाढतो, कणांमधला दाब घटतो आणि मातीचे बळ कमी होते. साध्या प्रारूपात हा सरासरी कणदाब घटतच नाही. त्याला घर्षणकोन दिला की ते मातीला नसलेले बळ देऊन टाकते.

नमुन्यादाखल आकडे घेऊ. २० मीटर खोलीवर कणांमधला उभा दाब १२० किलोपास्कल आणि घर्षणकोन २२ अंश धरला, तर आडवा दाब साधारण ७५ येतो. दोन्हींची सरासरी ९७.५, तिला कोनाच्या साइनने, म्हणजे ०.३७५ ने गुणले की प्रारूपाचे बळ निघते, सुमारे ३६.५ किलोपास्कल. अशा मातीचे खरे बळ उभ्या दाबाच्या साधारण ०.२२ पट, म्हणजे २६. एवढी तफावत कागदावर पाच मिनिटांत दिसते, आणि म्हणूनच ती तिथे राहून गेली याची मला फार हळहळ वाटते. यावर उपाय म्हणजे जागेवर मोजलेले बळच थेट प्रारूपात भरणे. निकोल हायवेच्या भिंतीचे वाकणे आणि तिच्यावरचे वाकवणारे बल, दोन्ही गणितात सुमारे निम्मीच आली होती.

खणताना भिंतीतली मापक उपकरणे जास्त सरक दाखवत होती. तेव्हा प्रारूपातले आकडे बदलून मोजमापाशी जुळवून घेतले गेले आणि इशाऱ्याच्या मर्यादा वाढवल्या गेल्या. असे जुळवणे फसवे असते, कारण चुकीच्या प्रारूपालाही एक कमाल आकडा जुळवता येतो. भिंतीच्या वाकण्याचा पूर्ण आकार, टेकूंमधला भार आणि मागची जमीन किती खचली, हे तिन्ही एकाच वेळी जुळले तरच त्या गणितावर भिस्त ठेवावी.

मऊ मातीत खणणाऱ्या कोणत्याही प्रकल्पाचा अहवाल हाती आला, तर रंगीत चित्रांआधी विचारा: या खोलीवर प्रारूपाने मातीला किती बळ दिले आणि जागेवर किती मोजले गेले?