चिठ्ठीवरील लॅटिन आणि ‘गरज पडल्यास’ची गोळी

डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाच्या नावापुढे जी दोन-तीन अक्षरे असतात, ती इंग्रजी शब्दांची नव्हेत. युरोपात वैद्यकाची भाषा लॅटिन होती, त्या काळाचा तो अवशेष आहे. चिठ्ठी रुग्णाच्या हाती दिली जाते. पण तिची भाषा मात्र डॉक्टर आणि औषधविक्रेता या दोघांपुरतीच राहिली आहे.

एखादी साधी चिठ्ठी पाहू. ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम, ‘ओ. डी., ए. सी.’, मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, ‘बी. आय. डी., पी. सी.’, पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, ‘पी. आर. एन.’ ‘ओ. डी.’ म्हणजे दिवसातून एकदा. (चष्म्याच्या चिठ्ठीवर मात्र हीच अक्षरे उजवा डोळा दर्शवितात!) ‘बी. आय. डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा. आपल्याकडे बहुधा नुसते ‘बी. डी.’ लिहितात. ‘ए. सी.’ जेवणापूर्वी आणि ‘पी. सी.’ जेवणानंतर. हा भेद केवळ शिस्तीचा नव्हे. अन्न पोटात येऊ लागले की जठरातील आम्ल स्रवविणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ओमेप्राझोलचा प्रभाव अशा कार्यरत पेशींवरच पडतो. म्हणून ते न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यावयाचे. मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी घेतल्यास मळमळ व जुलाब होण्याचा संभव अधिक, म्हणून ते सकाळ-संध्याकाळच्या खाण्याबरोबर किंवा लगेच नंतर.

खरा धोका तिसऱ्या ओळीत आहे. ‘पी. आर. एन.’ म्हणजे ‘प्रो रे नाटा’, गरज पडेल तसे. आपल्याकडे त्याच अर्थी ‘एस. ओ. एस.’ लिहितात, तेही ‘सी ओपुस सिट’ असे लॅटिनच, बुडत्या जहाजाची हाक नव्हे. परंतु गरज कोणती, दुसरी गोळी किती वेळाने आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे ती अक्षरे सांगत नाहीत. निरोगी प्रौढासाठी पॅरासिटामॉलची मर्यादा चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे अशा आठ गोळ्या. यकृताचा विकार वा मद्याचे व्यसन असल्यास ती आणखी कमी. आता समजा, अंगदुखीने बेजार झालेल्या रुग्णाने दिवसभरात आठ गोळ्या घेतल्या आणि सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी तीनदा घेतली. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. तीत ते ५०० मिलिग्रॅम असेल, तर एकूण साडेपाच ग्रॅम झाले. असे दिवसामागून दिवस चालले तर यकृताला इजा होऊ शकते, आणि ती लगेच कळत नाही. आरंभी थोडी मळमळ होते किंवा काहीच होत नाही. कावीळ दिसते ती काही दिवसांनी.

अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ने ‘रोज एकदा’ या अर्थाचे ‘क्यू. डी.’ हे अक्षरयुग्म २००४ मध्ये वर्ज्य ठरविले. कारण ते ‘दिवसातून चारदा’ या अर्थाच्या ‘क्यू. आय. डी.’सारखे वाचले जाई. आपल्या डॉक्टरांनी निदान ‘पी. आर. एन.’ आणि ‘एस. ओ. एस.’ यांच्यापुढे एक मराठी ओळ लिहावी: ‘ताप चढल्यास एक गोळी, पुन्हा लागल्यास सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा अधिक नको.’ त्यांनी ती लिहिली नसेल, तर रुग्णाने चिठ्ठी घेऊन उठण्यापूर्वी विचारावी आणि घरी आल्यावर सर्दीच्या गोळीच्या वेष्टनावरील बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल हे नाव आहे का, ते पाहावे.