विक्री लाखाने घटली, नफा पाव भागाने का?

दुकानाच्या संगणकातील विक्रीच्या नोंदी तपासून दुरुस्त केल्या की गेल्या वर्षाचा नफा कमी दिसू लागतो. गल्ल्यातून किंवा बँकेतून काहीही गेलेले नसते. जो नफा आधी दाखवला होता, त्याचा काही भाग मुळात झालेलाच नव्हता.

विजेच्या सामानाचे एक दुकान घ्या. वर्षाची विक्री साठ लाख रुपये नोंदली गेली. सुरुवातीचा माल आठ लाखांचा, खरेदी एकोणपन्नास लाखांची आणि ३१ मार्चला मोजलेला शिल्लक माल सात लाखांचा. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत पन्नास लाख. ढोबळ नफा दहा लाख, त्यातून भाडे, पगार, वीजबिल असा सहा लाखांचा खर्च वजा जाता निव्वळ नफा चार लाख.

तपासणीत तीन गोष्टी सापडल्या. इंटरनेट बंद पडल्यावर काही बिले दोनदा चढली होती: ५० हजार. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या पंख्यांचे पैसे दिले, पंखे पुन्हा मांडणीवर गेले, पण क्रेडिट नोट नोंदली नव्हती: ३२ हजार. एका महिन्याची विक्री मात्र जीएसटीसकट धरली होती. १,१८,००० रुपयांच्या त्या बिलांतले १८ हजार सरकारचे, दुकानाचे नव्हेत. एकूण एक लाख.

साठ लाखांपुढे एक लाख किरकोळ वाटतो. पण विकलेल्या मालाची किंमत बिलांवरून काढलेलीच नाही, ती प्रत्यक्ष मोजलेल्या मालावरून आली आहे. दुबार बिलामुळे दुसरा पंखा गोदामातून बाहेर पडला नव्हता आणि परत आलेला पंखा शिल्लक मालात मोजला गेला होता. त्यामुळे विक्री एकोणसाठ लाखांवर आली तरी मालाची किंमत पन्नास लाखच राहते, खर्चही तेवढाच. लाखाची सगळी घट नफ्यातून जाते आणि चाराचे तीन लाख होतात.

मालाची किंमत मोजणीऐवजी बिलागणिक धरणाऱ्या दुकानात हिशेब वेगळा होतो. तिथे दुबार बिलाबरोबर त्याची खोटी किंमतही वजा होते, आणि नफा फक्त त्या बिलावरील फायद्याएवढा घटतो.

दुरुस्ती अति झाली तर तीही चूकच. एकाच दिवशी सारख्या रकमेची दोन बिले खरी असू शकतात, म्हणून केवळ रक्कम पाहून नोंद उडवू नये. बिल क्रमांक एकच असेल आणि यूपीआय किंवा रोख जमा एकदाच दिसत असेल, तरच नोंद दुबार समजावी. परत आलेला माल शिल्लक मोजणीत खरोखर होता का, हेही पाहावे लागते. पंखा जळका निघून कंपनीकडे गेला असेल, तर कंपनीने दिलेली भरपाई वेगळी धरावी लागते. जीएसटीत मात्र उशीर महाग पडतो: क्रेडिट नोटमुळे कर कमी करून घ्यायचा, तर ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोवरच दाखवावी लागते.