बंद पेटीचे चार आकडे

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत टेबलावर एक बंद पेटी ठेवलेली असते. डावीकडे दोन टर्मिनल, उजवीकडे दोन. आत काय आहे ते सांगत नाहीत आणि झाकण उघडू देत नाहीत. विचारलेलं एवढंच असतं: उजवीकडे उद्या काहीही जोडलं, तर त्याला किती व्होल्ट मिळतील आणि डावीकडच्या पुरवठ्यातून किती करंट ओढला जाईल? याचं उत्तर द्यायला चार आकडे पुरतात, आणि ते दोन चाचण्यांत हाती येतात.

टर्मिनलच्या प्रत्येक जोडीला पोर्ट म्हणतात, म्हणून ही पेटी म्हणजे टू-पोर्ट नेटवर्क. फिल्टर असो, ट्रान्सफॉर्मर असो की टेलिफोनच्या तारेचा लांब तुकडा, बाहेरून पाहणाऱ्याला सगळे असेच दिसतात. अट एक आहे. आतला मामला सरळ प्रमाणाचा हवा. व्होल्टेज दुप्पट केलं की करंटही दुप्पट झाला पाहिजे. आत डायोड दडलेला असेल तर हे जमत नाही. म्हणून आधी ५ व्होल्ट आणि मग १० व्होल्ट देऊन गुणोत्तर तेच राहतं का, हे बघून घ्यावं. तसंच काहीही न जोडता दोन्ही पोर्टवर शून्य व्होल्ट दिसले पाहिजेत, नाहीतर आत बॅटरी आहे असं समजावं.

आता मूळ समीकरणं. डावीकडचं व्होल्टेज आणि करंट V1, I1. उजवीकडचं V2, I2. दोन्ही करंट पेटीच्या आत शिरताना धन मानायचे.

```
V1 = Z11·I1 + Z12·I2
V2 = Z21·I1 + Z22·I2
```

हे चार Z म्हणजेच इम्पिडन्स पॅरामीटर. व्होल्टेजला करंटने भागून येतात, म्हणून सगळे ओहममध्ये. चार अज्ञात एकदम सोडवत बसायची गरज नाही. उजवं पोर्ट मोकळं सोडलं की तिथून करंट वाहूच शकत नाही; I2 शून्य होतो आणि दोन्ही समीकरणांतलं दुसरं पद गळून पडतं. उरतं ते साध्या भागाकाराचं काम. ओपन-सर्किट चाचणी ती हीच.

एक पेटी घेऊ. डावीकडे १० व्होल्ट डी.सी. दिले, उजवी बाजू मोकळी. अ‍ॅमीटरवर २० मिलिअँपिअर आले आणि मोकळ्या पोर्टवर ६ व्होल्ट दिसले. मग Z11 म्हणजे १० भागिले ०.०२०, अर्थात ५०० ओहम. आणि Z21 म्हणजे ६ भागिले ०.०२०, अर्थात ३०० ओहम. आता पुरवठा काढून उजवीकडे लावला, डावी बाजू मोकळी केली. १० व्होल्टला २५ मिलिअँपिअर वाहिले, डावीकडे ७.५ व्होल्ट आले. Z22 झाला ४०० ओहम आणि Z12 झाला ३००.

इथे जरा थांबायला हवं. पहिल्या वेळी पलीकडे ६ व्होल्ट पोचले, दुसऱ्या वेळी ७.५. नुसतं हे बघून अनेकांना वाटतं की पेटी एका दिशेला जास्त उदार आहे. पण व्होल्टेजची तुलना व्होल्टेजशी करायची नाही. जो करंट आत सोडला त्याच्याशी करायची. तसं केलं की दोन्हीकडून तेच ३०० ओहम येतात. आत फक्त रेझिस्टर, कॉइल, कपॅसिटर आणि साधा ट्रान्सफॉर्मर असेल तर Z12 आणि Z21 समान यायलाच हवेत. आत ट्रान्झिस्टर असेल तर मात्र ते सहसा वेगळे येतात, आणि त्यात चूक काही नाही. मूल्य सारखं पण एकाचं चिन्ह उलटं आलं, तर दोन चाचण्यांच्या मध्ये कुणीतरी एका मीटरच्या वायरी उलट्या लावल्या आहेत.

हे आकडे कामाला येतात का, ते लगेच पडताळता येतं. उजवीकडे २०० ओहमचा रेझिस्टर जोडला असं धरा. आता करंट त्या बाजूने पेटीच्या बाहेर पडतो, म्हणून I2 ऋण. दुसऱ्या समीकरणातून I2 चं मूल्य I1 च्या निम्मं येतं: ३०० भागिले ४०० अधिक २००. ते पहिल्या समीकरणात घातलं की डावीकडून पेटी ५०० वजा १५०, म्हणजे ३५० ओहमची दिसते. तेव्हा १० व्होल्टला सुमारे २८.६ मिलिअँपिअर वाहतील आणि रेझिस्टरवर सुमारे २.८६ व्होल्ट मिळतील. हे मोजून बघावं. ऋण चिन्ह विसरलेल्याचं उत्तर ६५० ओहम येतं आणि अ‍ॅमीटर त्याला खोटं पाडतो.

खरी गोम आहे ती 'मोकळं' या शब्दात. मोकळ्या पोर्टवर व्होल्टमीटर लावलेला असतोच, आणि मीटरमधूनही थोडा करंट वाहतो. दर व्होल्टला १००० ओहमचा जुना काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजवर १० हजार ओहमचा असतो. तो लावला तर आपल्याच पेटीत Z21 सुमारे २८८ ओहम येतो आणि Z12 सुमारे २८६. दोन्ही खऱ्यापेक्षा कमी, आणि आपसातही किंचित वेगळे. कारण एकदा मीटरची गाठ ४०० ओहमशी पडते, एकदा ५०० शी. एवढा फरक वाचनाच्या चुकीत सहज खपून जातो. पेटी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर दोन्ही आकडे एकसारखेच चुकतात आणि समानतेची तपासणी काहीच सांगत नाही. त्यापेक्षा सोपी खूण आहे. मोकळ्या पोर्टवर तसाच दुसरा मीटर समांतर लावा. पहिल्याचं वाचन खाली आलं, तर पोर्ट मोकळं नव्हतं. साधारण १० मेगाओहमचा डिजिटल मल्टीमीटर वापरला की या पेटीपुरता हा प्रश्न मिटतो.

चांगला मीटर असूनही ही पद्धत काही पेट्यांपुढे हात टेकते. समजा आत आडव्या वाटेवर प्रत्येक बाजूला फक्त १ ओहम आहे आणि मधून खाली जाणाऱ्या फांदीवर १० हजार. मग Z11 येतो १०,००१ आणि Z12 येतो १०,०००. तो १ ओहम या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत लपलेला आहे, आणि १ टक्का चूक करणाऱ्या मीटरला १०० ओहमच्या आतलं काही दिसत नाही. भार जोडल्यावर व्होल्टेज किती पडेल हे मात्र त्याच छोट्या रोधावर ठरतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरची रचना साधारण अशीच असते; मधली फांदी फार मोठी, आडवी वाट फार लहान. म्हणून त्याच्यावर ओपन-सर्किट चाचणीने मधल्या फांदीचा अंदाज घेतात, आणि आडव्या वाटेसाठी दुसरी बाजू शॉर्ट करून कमी व्होल्टेजवर वेगळी चाचणी करतात.