वजाबाकी कुठे चालते, कुठे फसते

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर, कोल्हापूर सुमारे २३०. मग साताऱ्याहून कोल्हापूर किती? २३० मधून ११० वजा केले की १२०. उत्तर बरोबर येते, कारण कोल्हापूरला जाणारी गाडी आधी सातारा गाठते. पहिले ११० किलोमीटर दोन्ही प्रवासांत तेच असतात, वजाबाकीत तेवढेच गळून जातात.

आता लोणावळा घ्या. तेही याच मुंबई–पुणे–बंगळूर महामार्गावरचे, पुण्यापासून सुमारे ६५ किलोमीटर. सवयीने ११० मधून ६५ वजा केले, तर लोणावळा ते सातारा ४५ किलोमीटर निघते. पण लोणावळ्याहून निघालेल्या माणसाला आधी ६५ किलोमीटर कापून पुणे गाठावे लागते आणि मग पुढचे ११०. पुणे मध्ये आले, म्हणून इथे बेरीज हवी: १७५.

तिसरी गफलत फाट्याची. सांगलीही पुण्यापासून जवळजवळ कोल्हापूरइतकीच दूर. वजाबाकी म्हणेल, दोन्ही शहरे शेजारी आहेत. प्रत्यक्षात त्यांच्यात सुमारे ५० किलोमीटर अंतर आहे, कारण पेठ नाक्याला सांगलीची वाट महामार्ग सोडते. तिथपर्यंतचाच रस्ता दोघांचा सामाईक.

म्हणून आकडेमोडीआधी एक रेघ ओढा आणि तिन्ही ठिकाणे क्रमाने मांडा. सामाईक शहर टोकाला आले तर वजाबाकी, मध्ये आले तर बेरीज. आणि तिन्ही ठिकाणे एका रेघेवर बसतच नसतील, तर दोन आकडे पुरत नाहीत. नकाशाच उघडावा लागतो.