बेंझीनच्या सहा ऊर्जांमध्ये दोन जोड्या का?

बेंझीनच्या रेणूत सहा कार्बन एका सपाट, नियमित षटकोनाच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात. 1865 मध्ये केकुले यांनी या वलयाची कल्पना मांडली, आणि 1931 मध्ये एरिख ह्युकेल यांनी त्यातल्या सहा फिरत्या इलेक्ट्रॉनांचे गणित सहा ओळी-सहा स्तंभांच्या एका मॅट्रिक्सवर आणून ठेवले. ही मॅट्रिक्स, तिला A म्हणू, अगदी साधी आहे: दोन कार्बन शेजारी असतील तर त्यांच्या घरात 1, नसतील तर 0. इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जा शक्य आहेत, हे A च्या आयगेनमूल्यांवरून कळते. A ने गुणल्यावर जो सदिश स्वतःच्याच पटीत परत येतो तो आयगेनसदिश, आणि ती पट म्हणजे आयगेनमूल्य. बेंझीनसाठी ही मूल्ये 2, 1, 1, −1, −1 आणि −2 अशी येतात. त्यातली 1 आणि −1 दोनदोनदा का यावीत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण माझ्या मते ‘क्रमनिरपेक्ष मॅट्रिक्सांचे आयगेनसदिश समान असतात’ या प्रमेयाची खरी ताकद याच प्रश्नाच्या उत्तरात दिसते.

मूल्ये काढण्याचा सरधोपट मार्ग म्हणजे निश्चयक मांडून सहाव्या घाताचे समीकरण सोडवणे. त्यापेक्षा वलयाकडेच पाहावे. वलय एक घर फिरवले, म्हणजे पहिला कार्बन दुसऱ्याच्या जागी, दुसरा तिसऱ्याच्या जागी असे केले, तरी कोण कोणाचा शेजारी हे बदलत नाही. या फिरवण्याचीही एक मॅट्रिक्स असते. तिला S म्हणू. आधी फिरवून मग A लावली काय किंवा आधी A लावून मग फिरवले काय, उत्तर एकच येते: AS = SA. आता v हा S चा आयगेनसदिश आणि λ हे त्याचे मूल्य धरा. मग S(Av) = A(Sv) = λ(Av), म्हणजे Av हासुद्धा S चा त्याच λ चा सदिश ठरतो. λ एकदाच येत असेल, तर त्या मूल्याला v ची एकच दिशा उपलब्ध असते. त्यामुळे Av ला v च्याच पटीत असण्यावाचून गत्यंतर नाही, आणि v आपोआप A चाही आयगेनसदिश होतो.

S ची मूल्ये शोधायला कष्ट पडत नाहीत. सहा वेळा फिरवले की वलय मूळ जागी येते, म्हणून λ चा सहावा घात 1 असायला हवा. अशा संमिश्र संख्या सहा आहेत, सगळ्या वेगवेगळ्या, एकक वर्तुळावर 60 अंशांच्या अंतराने बसलेल्या. त्यांचे सहा सदिश A चे काम संपवतात. शेजारी म्हणजे एक घर पुढचा आणि एक घर मागचा, म्हणून A = S + S⁻¹, आणि A ची मूल्ये 2cos(60°·k) येतात, जिथे k हा 0 ते 5. समीकरण कुठेच सोडवावे लागले नाही. ह्युकेल यांच्या पद्धतीत ऊर्जा α + xβ अशी लिहितात; x हे A चे मूल्य, आणि β ऋण, म्हणून मोठा x म्हणजे कमी ऊर्जा. सहा इलेक्ट्रॉनांपैकी दोन x = 2 वर आणि चार x = 1 च्या जोडीवर बसले की एकूण ऊर्जा 6α + 8β होते. तीन सुटे दुहेरी बंध असते तर ती 6α + 6β झाली असती. हा 2β चा फरक म्हणजे या साध्या प्रतिमानातले बेंझीनचे जास्तीचे स्थैर्य.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सहा बाय सहाची मॅट्रिक्स संगणक क्षणात सोडवतो, मग S चा हा वळसा कशाला? पण संगणक 1 आणि 0.9999999999 असे दोन आकडे देतो तेव्हा ही पुनरावृत्ती खरी, योगायोगाची की केवळ जवळपासची, हे तो सांगत नाही. शिवाय जोडीच्या मूल्याला तो कोणते सदिश देईल, यावर कोणाचेच बंधन नसते. (2, 1, −1, −2, −1, 1) हा A चा x = 1 चा आयगेनसदिश आहे; कोणत्याही घरातल्या दोन शेजाऱ्यांची बेरीज करून पाहा, ती त्या घरातल्या संख्येइतकीच येते. पण तो एक घर फिरवला की (1, 2, 1, −1, −2, −1) मिळतो, आणि हा पहिल्याच्या पटीत नाही. म्हणजे A चा प्रत्येक आयगेनसदिश S चा असतोच असे नाही. प्रमेयाचे म्हणणे इतकेच आहे की दोघांना चालणारा एक संच निवडता येतो, आणि निवड करताना A जिथे दोन दिशांमध्ये भेद करू शकत नाही तिथे S तो भेद करते. पाठ्यपुस्तकी वाक्य घाईने वाचणाऱ्यांची चूक बहुधा इथेच होते.

दोन्ही मॅट्रिक्स कर्णरूपात आणता येण्याजोग्या असाव्यात, ही अटही शोभेची नाही. एकक मॅट्रिक्स सगळ्यांशी क्रमनिरपेक्ष असते. पण जिच्या वरच्या उजव्या घरात 1 आणि बाकी सगळीकडे 0 आहेत, अशी दोन बाय दोनची मॅट्रिक्स तिच्या जोडीला घेतली, तर पूर्ण समान संच मिळत नाही, कारण या दुसरीजवळ आयगेनसदिशांची एकच दिशा आहे. λ पुन्हापुन्हा येत असेल तेव्हा त्याच्या दिशांच्या अवकाशात A ला स्वतंत्रपणे कर्णरूपात आणावे लागते, आणि ते शक्य होते ते केवळ या अटीमुळे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बेंझीनला फिरवण्याखेरीज आणखी एक सममिती आहे: पहिल्या आणि चौथ्या कार्बनमधून जाणाऱ्या रेषेवर आरशासारखे उलटवणे. या R मध्ये 2 आणि 6 यांची, तसेच 3 आणि 5 यांची अदलाबदल होते. A ही R शीही क्रमनिरपेक्ष आहे. पण S आणि R एकमेकींशी नाहीत: पहिला कार्बन आधी फिरवून मग उलटवला तर सहाव्या जागी जातो, आधी उलटवून मग फिरवला तर दुसऱ्या. समजा A ची सहाही मूल्ये वेगळी असती. मग वरच्याच युक्तिवादाने A चे आयगेनसदिश S चेही झाले असते आणि R चेही. दोघी एकाच आधारावर कर्णरूपात आल्या असत्या, आणि कर्णरूपातल्या मॅट्रिक्सांचा गुणाकार क्रमावर अवलंबून नसतो. म्हणजे SR = RS व्हायला हवे होते, आणि ते तसे नाही. म्हणून A मध्ये निदान एक मूल्य पुन्हा आलेच पाहिजे. या युक्तिवादात A चे आकडे कुठेही आले नाहीत. ह्युकेल यांचे प्रतिमान इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण सोडून देते, हा त्यावरचा जुना आणि योग्य आक्षेप आहे. सुधारित मॅट्रिक्समध्ये 1 आणि −1 हे आकडे टिकत नाहीत. पण ती S आणि R दोघींशी क्रमनिरपेक्ष राहिली, तर पुनरावृत्ती राहतेच.

याची कसोटी पिरिडिनवर घेता येते. पहिल्या कार्बनच्या जागी नायट्रोजन आला की ती जागा इतरांसारखी उरत नाही, त्यामुळे नवी मॅट्रिक्स S शी क्रमनिरपेक्ष राहत नाही. R शी मात्र राहते. म्हणून सहा मितींचे गणित R नुसार चार आणि दोन मितींत फुटते. दोनच्या भागात (0, 1, 1, 0, −1, −1) हा सदिश आहे. नायट्रोजनच्या जागी तिथे शून्य असल्याने त्याचे x = 1 हे मूल्य जसेच्या तसे राहते. त्याचा जोडीदार मात्र नायट्रोजनच्या जास्त ओढीमुळे खालच्या ऊर्जेला सरकतो आणि जोडी फुटते.

जोडीच्या मूल्याला संगणक कोणतेही सदिश देऊ शकतो, म्हणून प्रत्यक्ष गणन करणाऱ्यांनी A एकटी त्याला देऊ नये. A + 0.37R द्यावी. बेंझीनसाठी तिची मूल्ये 2.37, 1.37, 0.63, −0.63, −1.37 आणि −1.63 अशी सहाही वेगळी येतात, त्यामुळे मिळणारे सदिश A आणि R दोघींचे असतात. 0.37 ऐवजी 1 घेतला असता तर 1 − 1 आणि −1 + 1 दोन्ही शून्यावर आले असते आणि गोंधळ परतला असता, म्हणून गुणक आडवळणाचा निवडावा. आणि त्याआधी AR − RA खरोखर शून्य येते का, हे एकदा तपासून घ्यावे.