पाण्यावरही जळणारी आग: १५ मोडक्या जहाजांनी वाचवलं शहर

इ.स. ९४१ मध्ये कीव्हचा राजा इगोर मोठा ताफा घेऊन कॉन्स्टँटिनोपलवर, म्हणजे आजच्या इस्तंबूलवर, चालून आला. शहराचं आरमार नेमकं दुसऱ्या मोहिमेवर होतं. हाताशी होती फक्त १५ मोडकी जहाजं. सम्राट रोमानोसने तीच दुरुस्त करून पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना नळ्या बसवायला लावल्या. त्यांतून पेटतं तेल दाबाने फेकलं जायचं. कृती गुप्त होती, पण मुख्य घटक नाफ्था, म्हणजे जमिनीतून झिरपणारं खनिज तेल असावं, असं अभ्यासक मानतात.

इगोरच्या जहाजांनी घेरा घातला आणि चहूबाजूंनी आगीचा मारा सुरू झाला. तेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे लाटांवरही ते जळतच राहतं. सैनिकांनी समुद्रात उड्या टाकल्या. चिलखतवाले बुडाले, काही पोहता पोहताच जळाले. तलवारीपुढे ढाल तरी धरता येते. इथे पळायलाच जागा नव्हती.

त्या दिवशी वारा पडलेला होता, हेही नशीबच म्हणायचं. नळीचा पल्ला थोडा, आणि उलट्या वाऱ्यात आपलंच जहाज पेटायची धास्ती.

पुढे १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नापाम तयार झालं. त्यात पेट्रोलच दाट, चिकट केलेलं होतं. ते अंगाला चिकटून जळायचं, झटकूनही निघायचं नाही.