03/04 म्हणजे कधी?

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्याला न्यू जर्सीच्या ग्राहकाचा मेल आला: 2026 सालची व्हिडिओ कॉलची वेळ, 03/04, 12:00 pm. इथल्या माणसाने तो वाचला '3 एप्रिल' असा आणि निवांत झाला. ग्राहक मात्र 4 मार्चला, आपल्या दुपारी बारा वाजता, स्क्रीनसमोर बसून वाट पाहणार. अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपल्याकडे दिवस. दोघांच्याही लिहिण्या-वाचण्यात चूक नाही, म्हणूनच कोणाला शंका येत नाही.

तारीख 25/03 असती, तर घोटाळा झालाच नसता. पंचविसावा महिना नसतो, त्यामुळे वाचणारा आपोआप थबकतो. फसवतात त्या दोन्हीकडून खऱ्या वाटणाऱ्या तारखा. दर महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांच्या अशा 144 तारखा होतात. त्यातून 5/5, 6/6 यांसारख्या निरुपद्रवी 12 वगळल्या तरी वर्षाला 132 उरतात. 'समोरचा अमुक देशाचा, म्हणजे तो अमुकच पद्धतीने लिहीत असेल' हा अंदाजही भरवशाचा नाही. कॅनडात तर दोन्ही पद्धती चालतात.

आता त्या मेलमधली वेळ पाहू. am म्हणजे मध्यान्हापूर्वी, pm म्हणजे मध्यान्हानंतर. भर मध्यान्ह या दोन्हींत बसत नाही, म्हणून संकेताने 12 pm म्हणजे दुपारचे बारा आणि 12 am म्हणजे रात्रीचे बारा धरले जातात. अकरा am नंतर बारा pm का, हे डोक्याला पटायला वेळ लागतो. यात घसरले, तर चूक थेट बारा तासांची. 4 मार्चला न्यू जर्सी आपल्यामागे साडेदहा तास असते, म्हणजे तिथल्या दुपारी बारा वाजता आपल्याकडे त्याच रात्रीचे साडेदहा. कोणी उलट वाचून 12 am धरले, तर सकाळी साडेदहालाच कॉल लावून बसेल.

त्यातही रात्रीचे बारा जास्त घातकी. '4 तारखेला रात्री बारा' म्हणताना आपल्या मनात असते 4 तारीख संपतानाची रात्र. घड्याळाच्या हिशेबात 4 तारखेचे 12 am म्हणजे ती तारीख सुरू होण्याचा क्षण. रेल्वेच्या तिकिटावर 15 तारीख आणि 00:10 पाहून 15च्या रात्री स्टेशनवर पोचणाऱ्यांची हीच गत होते. ती गाडी 14च्या रात्री झोपायच्या वेळेनंतर लगेच सुटलेली असते. म्हणून ठरवताना रात्रीचे बारा टाळावेत आणि 11:59 pm लिहावे. दुपारसाठी `noon` हा शब्द सर्वांत सुरक्षित.

मेलला उत्तर असे द्यावे:

```
Wed, 4 March 2026, 12:00 noon New Jersey
(10:30 pm India, same day)
```

महिना अक्षरात लिहिला की निम्मा प्रश्न मिटतो. वार ही वरची पडताळणी: 4 मार्चला बुधवार, 3 एप्रिलला शुक्रवार, गफलत लगेच दिसते. पण वारावरही आंधळा भरवसा नको. 9 मे आणि 5 सप्टेंबर, तसेच 11 जुलै आणि 7 नोव्हेंबर या जोड्यांना दर वर्षी एकच वार येतो, तिथे वार जुळला तरी तारीख चुकलेली असू शकते. दोन्ही गावांच्या वेळा लिहायचे कारण वेगळे. अमेरिकेत 8 मार्च 2026 ला घड्याळ एक तास पुढे गेले की फरक साडेनऊ तासांवर येतो; 3 एप्रिलची तिथली दुपार आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ.

मेल माणूस वाचतो, त्याला विचारता येते. एक्सेल मात्र विचारत नाही. अमेरिकेहून आलेली वेळापत्रकाची CSV फाइल भारतीय तारीखपद्धत लावलेल्या संगणकावर सरळ उघडली, की ते 03/04/2026 ला बिनतक्रार 3 एप्रिल करून टाकते. 03/18/2026 त्याला तारीख वाटत नाही, म्हणून ते मजकूर समजून डावीकडे चिकटवते. खऱ्या धरलेल्या तारखा उजवीकडे जातात. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, की ओळखावे. आपण डावीकडच्या दुरुस्त करायला धावतो, पण बिघडलेल्या असतात उजवीकडच्या, नीटनेटक्या दिसणाऱ्या. त्या हाताने सुधारत बसू नये. फाइल जतन न करता बंद करावी, मूळ प्रतीचे नाव .txt असे बदलून एक्सेलच्या `File > Open` मधून उघडावी. `Text Import Wizard` येतो, त्याच्या तिसऱ्या पायरीत तो रकाना निवडून `Date` समोर `MDY` ठेवावे. पुढे फाइल परत पाठवताना ग्राहकाला तारखा 2026-03-04 या क्रमाने, वर्ष-महिना-दिवस, लिहायला सांगावे. ISO 8601 या आंतरराष्ट्रीय मानकात हाच क्रम ठरलेला आहे.